क्लेम नाकारलात ना? मग फाईल दाखवा

दवाखान्यात रात्री साडेनऊच्या सुमारास, शेवटचा पेशंट गेल्यावर, एखादी व्यक्ती दारात घुटमळते. औषध नको असतं. हातात एक पानाचं पत्र असतं, विमा कंपनीचं. "डॉक्टरसाहेब, हे काय लिहिलंय ते जरा वाचून सांगता का?" भाईंदरच्या माझ्या दवाखान्यात हे पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की आता मजकूर पाठ झालाय. 'आमच्या तपासात असे आढळून आले आहे की आपण पूर्वीपासून असलेल्या आजाराची माहिती प्रस्तावात दडवली होती. सबब पॉलिसीच्या अमुक कलमानुसार आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.'

कोणता तपास? कोणी केला? काय आढळलं, कुठल्या कागदावर आढळलं, तो कागद कुठे आहे? पत्रात यातलं काही नसतं. विचारलं तर उत्तर येतं की तपासनिसाचा अहवाल हा आमचा अंतर्गत आणि गोपनीय दस्तऐवज आहे. माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

आधी आमच्या जातभाईंची चूक कबूल करतो, म्हणजे बोलायचा अधिकार उरेल. एके काळी आम्ही डॉक्टरही हेच म्हणत होतो. पेशंटचे केसपेपर पेशंटलाच द्यायला हॉस्पिटलं नकार द्यायची आणि कारण सांगायची गोपनीयतेचं. गोपनीयता कोणाची, तर त्या पेशंटची, आणि ती वापरायची त्याच्याच विरुद्ध. 1996 साली रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते बंद केलं. पेशंटने किंवा जवळच्या नातेवाईकांनी मागितले तर केसपेपरच्या प्रती द्याव्याच लागतील, गोपनीयतेची ढाल चालणार नाही. पुढे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत मुदतही आली: मागणी झाल्यापासून 72 तासांत. आमच्यातले काही जण तेव्हा कुरकुरले. पण त्यामुळे कुठलं हॉस्पिटल बंद पडलं नाही, उलट आमचं अक्षर थोडं सुधारलं.

विमा कंपनीची क्लेम फाईल म्हणजे तरी काय असतं? त्यातले बहुतेक कागद पेशंटच्या शरीराबद्दलचे असतात. इनडोअर पेपर, रिपोर्ट, टीपीएच्या डॉक्टरचं मत, आणि तपासनीस म्हणून पाठवलेल्या माणसाने हॉस्पिटलात, केमिस्टकडे, कधी सोसायटीच्या वॉचमनकडे केलेल्या चौकशीची टिपणं. माझ्या छातीत काय झालं याची फाईल सगळ्यांनी वाचायची, फक्त मी नाही!

आता एक प्रत्यक्ष गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ, वय 49. पॉलिसी घेऊन तीन वर्षं चार महिने झालेले. पहाटे छातीत दुखलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं, अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद, एक स्टेंट टाकला. बिल 2,86,000 रुपये. कॅशलेस मिळालं नाही. 'प्रकरण तपासावं लागेल, नंतर प्रतिपूर्तीसाठी अर्ज करा' असं सांगण्यात आलं. भावाने आणि मेव्हण्याने पैसे जमवून डिस्चार्ज घेतला. नऊ आठवड्यांनी ते ठरावीक पत्र आलं: 'रुग्णास आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब होता, जो प्रस्तावात नमूद केला नाही.'

मी त्यांचं बीपी ओळखत होतो. बीपीची पहिली गोळी मीच लिहिली होती, आठ महिन्यांपूर्वी. आठ वर्षं आली कुठून, ते कळेना.

त्यांचा मेव्हणा तापट. त्याला चार पानी निषेधपत्र पाठवायचं होतं. मी म्हटलं, थांबा. ज्या आरोपाचा पुरावाच पाहिलेला नाही, त्याला उत्तर काय देणार? अंदाजाने लिहिलेलं उत्तर पुढे आपल्याच गळ्यात येतं. 'मला बीपी नव्हतंच' असं रागात लिहून बसलात आणि फाईलमध्ये माझीच चिठ्ठी निघाली, तर खोटे तुम्ही ठराल. आधी फाईल मागा, वाद नंतर.

पत्र छोटं होतं. ते जवळजवळ तसंच इथे देतो, कारण लोक हेच विचारत येतात.

'प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय: पॉलिसी क्रमांक अमुक, दावा क्रमांक तमुक, आपले नामंजुरीचे दिनांक अमुकचे पत्र. महोदय, वरील पत्राने आपण माझा दावा पूर्वीपासूनच्या आजाराची माहिती दडवल्याच्या कारणावरून नामंजूर केला आहे. हे कारण मला मान्य नाही. मात्र ज्या कागदांच्या आधारे आपण हा निष्कर्ष काढला ते कागद मला दाखवलेले नसल्याने मी त्यास अर्थपूर्ण उत्तर देऊ शकत नाही. म्हणून नामंजुरीच्या तारखेस होती तशी संपूर्ण क्लेम फाईल, पानांवर क्रमांक टाकून, मला द्यावी. त्यात तपासनिसाचा संपूर्ण अहवाल, त्याच्या नेमणुकीचे पत्र, त्याने जोडलेली छायाचित्रे, घेतलेले जबाब व माझ्या सह्या असलेला प्रत्येक कागद असावा. तसेच टीपीएच्या अथवा आपल्या डॉक्टरांचे लेखी मत, त्यांचे नाव व नोंदणी क्रमांकासह. नामंजुरीस मान्यता देणाऱ्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची टिपणी. आणि माझा मूळ प्रस्ताव अर्ज व पॉलिसी देताना झालेल्या फोन पडताळणीचे रेकॉर्डिंग द्यावे. त्रयस्थ व्यक्तीचे नाव उघड करणे अडचणीचे वाटत असल्यास तेवढे नाव झाकून उर्वरित मजकूर द्यावा. यांपैकी कोणताही कागद देण्यास नकार असल्यास त्या कागदाचे नाव व नकाराचा नियम लेखी कळवावा. हे पत्र आपल्या तक्रार निवारण व्यवस्थेतील तक्रार समजावे. माझे सर्व हक्क राखून.'

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगतो. 'होती तशी' हे शब्द महत्त्वाचे, कारण नंतर फाईलमध्ये भर पडू शकते. क्लेम्स रिव्ह्यू कमिटीचा उल्लेख अशासाठी की आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या आरोग्य विम्याच्या मास्टर सर्क्युलरनुसार या समितीच्या किंवा कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीच्या मान्यतेशिवाय एकही दावा नाकारता येत नाही, आणि नाकारल्यावर पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला देऊन पूर्ण तपशील कळवावा लागतो. म्हणजे कुठेतरी एक टिपणी असलीच पाहिजे. ती नसेल तर तोच मुद्दा झाला. प्रस्ताव अर्ज मागायचा, कारण तो बऱ्याचदा एजंटाने भरलेला असतो आणि बीपी-शुगरच्या रकान्यात एकाच हाताने, एकाच दमात सगळीकडे 'नाही' लिहिलेलं असतं. आणि 'तक्रार समजावे' हे शेवटचं वाक्य घड्याळ सुरू करण्यासाठी. तक्रारीवर कंपनीने दोन आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो.

पत्र ईमेलने पाठवलं, आणि तेच स्पीड पोस्टाने. शिवाय bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवून त्याचा टोकन क्रमांक जपून ठेवला. त्याच आठवड्यात हॉस्पिटलाकडून इनडोअर पेपरची संपूर्ण प्रतही घेतली, कारण दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही.

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: अहवाल गोपनीय आहे. आम्ही दोन ओळी लिहिल्या, कोणत्या नियमानुसार ते कळवा. पत्र दिल्यापासून सव्विसाव्या दिवशी 41 पानं आली. कंपनीतल्या कुणा समंजस माणसाने पाठवली असावीत. त्याचं नाव ठाऊक नाही, पण आभार.

तपासनिसाचा अहवाल तीन पानी होता. दुसऱ्या पानावर वाक्य होतं: 'रुग्णास 8 ते 12 वर्षांपासून उच्च रक्तदाब.' पुरावा म्हणून जोडलेलं छायाचित्र शेवटून चौथ्या पानावर. कॅज्युअल्टीच्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो. त्यावर ड्युटी डॉक्टरने बीपीपुढे लिहिलं होतं: 8/12.

कुठल्याही डॉक्टरला दाखवा, तो हसेल. आमच्यात महिने लिहायची ही जुनी पद्धत आहे. आठ भागिले बारा, म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकी आठ. तीन दिवस असतील तर 3/7 लिहितात, दोन आठवडे असतील तर 2/52. तपासनीस डॉक्टर नव्हता. त्याने आठ ते बारा वर्षं असं वाचलं. टीपीएच्या डॉक्टरच्या मतात फक्त अहवालातलं वाक्य उतरवलेलं होतं. फोटो उघडून पाहिला असता तर त्याला अर्ध्या मिनिटात कळलं असतं. समितीच्या टिपणीत बाराचाही विसर पडला आणि 'आठ वर्षे' उरलं. तीन टेबलं, तीन सह्या, आणि मूळ कागद कोणीच पाहिला नाही.

मग उत्तर सोपं होतं. मी 8/12 चा अर्थ सांगणारं प्रमाणपत्र दिलं, त्या ड्युटी डॉक्टरनेही दिलं, माझी पहिली चिठ्ठी आणि केमिस्टचं बिल जोडलं. पॉलिसी सुरू झाल्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने सुरू झालेलं बीपी पूर्वीपासूनचं कसं असेल? हातमोजे वगैरे अमान्य बाबी वजा करून पैसे आले. मेव्हण्याच्या चार पानी निषेधाने हे झालं नसतं, कारण त्याला 8/12 माहीतच नव्हतं.

म्हणून मी म्हणतो की गोपनीयतेने कंपनीचंही नुकसानच होतं. चूक कोणाला दिसणार? ज्याच्या अंगावर ती आदळली त्यालाच, आणि त्याच्यापासूनच कागद लपवायचा.

आता कंपन्यांची बाजू. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. बनावट ॲडमिशन होतात, साध्या तापाला आयसीयूचं बिल लागतं, आणि त्यात आमच्या पेशातले लोक सामील असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. चौकशी व्हायलाच हवी. केमिस्टने खरी माहिती दिली आणि त्याचं नाव उघड झालं तर उद्या तो तोंड उघडणार नाही, हेही मान्य. पण त्याला उपाय आहे: नाव झाका. सेबीच्या एका प्रकरणात, टाकानो विरुद्ध सेबी, फेब्रुवारी 2022, सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितलं. ज्या तपास अहवालाच्या आधारे माणसावर कारवाई करता तो त्याला दाखवावा लागतो. त्रयस्थाची माहिती असलेला भाग तेवढा राखता येतो. सेबी सरकारी यंत्रणा आहे आणि खासगी विमा कंपनी नाही, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण न्यायाची रीत दोन्हीकडे वेगळी का असावी, एवढं तरी कंपनीने सांगावं.

आणखी एक विसंगती बघा. कारखान्याला आग लागली तर नुकसान मोजायला येतो तो सर्व्हेअर. त्याला आयआरडीएआयचा परवाना लागतो, त्याच्यासाठी आचारसंहिता आहे, आणि 2017 च्या पॉलिसीधारक संरक्षण विनियमांत विमाधारकाने मागितल्यास त्याच्या अहवालाची प्रत देण्याची तरतूद होती. हॉस्पिटलात खाटेशेजारी येऊन उभा राहणारा तपासनीस हा त्या अर्थाने सर्व्हेअर नाही. त्याला असा परवाना लागत नाही. जळालेल्या मशिनच्या मालकाला अहवाल मिळतो आणि बंद पडलेल्या हृदयाच्या मालकाला नाही. काही कंपन्या म्हणतात की अहवाल खटल्याच्या तयारीसाठी असतो, म्हणून तो संरक्षित आहे. कायद्यातलं ते संरक्षण वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला आहे. तपासनीस वकील नाही, आणि तो आला तेव्हा खटला सोडा, नामंजुरीसुद्धा झालेली नव्हती.

फाईल आली तरी ती अर्धवट असू शकते. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे तुम्हीच दिलेली बिलं तुम्हाला परत पाठवणं आणि अहवालाऐवजी 'निष्कर्ष' नावाचा अर्धा परिच्छेद देणं. पानांचे क्रमांक तुटलेले आहेत का पाहा. अहवालात 'सोबत जोडले आहे' असं जिथे लिहिलंय तिथे ते खरंच जोडलंय का पाहा. तारखा जुळवा: अहवालाची तारीख नामंजुरीच्या नंतरची निघाली तर निर्णय आधी झाला आणि पुरावा मागाहून आला. आणि तुमच्या सहीचा जबाब नीट वाचा. आजारी माणसाकडून, कधी त्याच्या घाबरलेल्या बायकोकडून, कोऱ्या किंवा इंग्रजी कागदावर सही घेतली जाते आणि मजकूर नंतर भरला जातो असे अनुभव माझ्या पेशंटनी सांगितले आहेत. तपासनीस आला तर सहकार्य करा, पण सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो तिथेच काढा. कोऱ्यावर सही नाही म्हणजे नाही.

कधी फाईल कंपनीच्या बाजूनेही बोलते. मीरा रोडच्या एका कुटुंबाने मागवलेल्या फाईलमध्ये पॉलिसीच्या आदल्या वर्षीचा शुगरचा रिपोर्ट आणि इन्सुलिनची चिठ्ठी निघाली, वडिलांच्याच नावाची. मुलांना माहीत नव्हतं. वडिलांनी मान खाली घातली. ते लोक कोर्टात गेले नाहीत. फाईल मिळाल्यामुळे त्यांची दोन-तीन वर्षं आणि वकिलाची फी वाचली; कंपनीचीही.

फाईल दिलीच नाही तर? तर नकार किंवा मौन हाच तुमचा पुढचा कागद. सरकारी कंपनी असेल, उदाहरणार्थ न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया, तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. खासगी कंपनीला तो थेट लागू नाही. दोघांनाही लागू होतो तो विमा लोकपाल. तक्रारीला कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही की तिथून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येतं. 50 लाखांपर्यंतचे दावे, फी नाही, वकील लागत नाही. ठाणे जिल्ह्यासाठी आता ठाण्यातच कार्यालय आहे, त्यामुळे मीरा-भाईंदरकरांनी तिथे जायचं. लोकपाल कंपनीकडून तिचं लेखी म्हणणं मागवतो, आणि जे कागद तुम्हाला 'गोपनीय' होते ते तिथे अचानक बाहेर येतात. दुसरा रस्ता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे कागद हजर करायला लावण्याचे अधिकार आहेत. तसा वेगळा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

इथे एक खड्डा आहे, त्यात लोक पडतात. ग्राहक आयोगाची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे आणि तुमची पत्रापत्री चालू आहे म्हणून ती थांबत नाही. फाईलची वाट पाहत दीड वर्ष काढू नका. माझा हिशेब असा: पत्र, दोन आठवड्यांनी एक स्मरणपत्र, महिना संपला की लोकपाल.

दोन गोष्टी लक्षात ठेवून फाईल वाचा. एक, सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (2016) आणि सौराष्ट्र केमिकल्स (2019) या प्रकरणांत सांगितलंय की नामंजुरीच्या पत्रात जे कारण दिलं नाही ते कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणून नामंजुरीचं मूळ पत्र लॅमिनेट केल्यासारखं जपा आणि फाईल त्या एका कारणाच्या कसोटीवर वाचा. दुसरी, पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हाच अपवाद. मग फसवणूक सिद्ध करणारा कागद कोणता, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो कागद असला तर तपासनिसाच्या अहवालातच असणार.

त्या सुपरवायझरांची 41 पानं माझ्या दवाखान्यात आहेत, त्यांच्या परवानगीने, नाव खोडून. 8/12 चं पान वर ठेवलंय. तुमची फाईल आली की घेऊन या, रात्री साडेनऊनंतर. सोबत इनडोअर पेपरची प्रत आणा, नाहीतर दुसऱ्यांदा यावं लागेल.